दिवस कुणाचे गेले

मुरबाडच्या अभ्यासकेंद्रात मला बोलावून घेतलं आणि माझा प्रकल्प अहवाल माझ्यासमोर टेबलावर ठेवून मार्गदर्शक म्हणाले, "हा तुमचा नाही." त्या क्षणी मला काय वाटलं ते सभ्य भाषेत सांगता येणार नाही. आज इतक्या वर्षांनीही ते वाक्य आठवलं की हातातलं काम बाजूला पडतं.

दोन हजारनंतरची सुरुवातीची वर्षं ती. मी शहापूरच्या एका छोट्या संस्थेत साइट इंजिनिअर होते. डोळखांबच्या पुढे डोंगरातल्या पाड्यांवर झऱ्याचं पाणी टाकीत घ्यायचं आणि तिथून नळाने खाली आणायचं, हे आमचं काम. संस्थेत सगळ्या बायकांना ताई म्हणायची पद्धत, आणि पुरुष जरा वरच्या जागेवर असला की तो सर. आमचे सर प्रकल्पप्रमुख होते. ते पाड्यावर उद्घाटनाला येत आणि पाहुणे आले की येत. एरवी त्यांचा पाय ऑफिसच्या पायरीखाली क्वचित पडे.

दुसरा टप्पा येणार होता. त्यासाठी समन्वयक नेमायचा होता आणि त्या जागेला प्रकल्प व्यवस्थापनाचा पदव्युत्तर डिप्लोमा लागणार, असं पैसे देणाऱ्या संस्थेने कळवलं होतं. म्हणून मी नाव घातलं. रविवारी सकाळी शहापूरहून सरळगावमार्गे एसटीने मुरबाडला जायचं, दिवसभर वर्ग, संध्याकाळी परत. सरांनी माझ्या आधीच्या तुकडीत नाव घातलं होतं. त्यांना ती जागा नको होती, त्यांना पगाराची पायरी हवी होती. मला ती जागा हवी होती, कारण दुसऱ्या टप्प्याचा आराखडा समन्वयक लिहिणार होता, आणि त्यात काय लिहायचं नाही हे मला पहिल्या टप्प्यात कळलं होतं.

आमचे मार्गदर्शक शिकवायचे चांगले. हे कबूल करायलाच हवं, नाहीतर पुढचा राग अन्यायाचा वाटेल. संदर्भ कसे द्यायचे यावर त्यांनी दोन रविवार घेतले होते. फळ्यावर एक उतारा लिहायचा, आम्ही तो वाचायचा, मग पुसून टाकायचा. "आता कळलं ते लिहा," म्हणायचे. लिहिल्यावर मूळ उतारा पुन्हा लिहून ताडून पाहायचं. शब्दाशी शब्द जुळत असतील तर ते आपलं लिहिणं नव्हे, ती नक्कल, मग अवतरणचिन्हं घाला आणि पान क्रमांक द्या. शब्द आपले असले तरी विचार दुसऱ्याचा आहे, तेव्हा लेखक आणि साल तरीही द्यायचंच. एखाद्या मानकातली व्याख्या मात्र बदलायची नाही. तिथे प्रत्येक शब्द मोजून ठेवलेला असतो, ती जशीच्या तशी घ्यायची, मानकाचा क्रमांक, आवृत्तीचं साल आणि कलम लिहायचं. मानकात 'करणे आवश्यक' आणि 'करणे इष्ट' हे वेगळे असतात, आपल्या मराठीत दोन्हीचं 'करावे' होतं आणि घोटाळा तिथेच होतो, हेही त्यांनीच सांगितलं होतं. आपलाच जुना अहवाल वापरला तर त्याचाही संदर्भ द्यायचा, हे ऐकून वर्गात हसले होते सगळे. स्वतःचीच चोरी कशी होईल, असं एकाने विचारलं. मार्गदर्शक म्हणाले, "वाचणाऱ्याला हे नवं आहे असं वाटून तो फसतो, म्हणून."

मी ते सगळं मनावर घेतलं. माझा अहवाल आमच्याच पाड्यावरच्या नळयोजनेवर होता. मी आधी संस्थेसाठी त्या योजनेचा पूर्तता अहवाल लिहिला होता, त्याचा उपयोग केला, आणि प्रत्येक ठिकाणी 'अप्रकाशित पूर्तता अहवाल' म्हणून पानासह नोंद दिली. मानकांमधून जोखमीची व्याख्या घेतली ती त्या जुन्या अहवालातही आणि यातही अवतरणात, कलमासह. ज्या कामांच्या साखळीत एक दिवस जरी सरकला तरी सगळी योजना एक दिवस सरकते, ती साखळी म्हणजे क्रिटिकल पाथ. आमच्या योजनेत ती साखळी पाइप वर नेण्यावरून जात होती. खाली डांबरी रस्त्यापर्यंत ट्रक आला. पुढे चढण आणि दगड. दिवाळीनंतर पाड्यातले पुरुष वीटभट्ट्यांवर गेले होते. योजनेत लोकवाटा म्हणून श्रमदान धरलेलं होतं, आणि श्रमदान करायला मागे राहिल्या होत्या बायका. लोखंडी पाइप, दोघींनी दोन टोकांना धरून, डोक्यावर चुंबळ ठेवून, झऱ्यापर्यंत.

त्यातल्या एका बाईशी मी नंतर बोलले होते. तिच्या अंगणात बसून, नाचणी पाखडता पाखडता ती बोलली. तिचं बोलणं मी जसंच्या तसं आधी पूर्तता अहवालात आणि मग या अहवालात घेतलं: "दिवस गेलं व्हतं तरी पाइप वाहिलं आमी. मंग काय रायलं नाय."

मराठी वाचणाऱ्याला याचा अर्थ सांगायला नको. तिला दिवस गेले होते. तिसरा महिना होता. पाइप वाहिला आणि मग पोटात काही राहिलं नाही. ती हे रडत म्हणाली नाही. सूप हातात तसंच चालू होतं. मी तिला विचारलं होतं, हे लिहू का. "लिव," म्हणाली. "नाव नको घालूस, घरातली ओरडतील. पन लिव." म्हणून मी तिच्या शब्दांना अवतरणचिन्हं घातली आणि पुढे लिहिलं: लाभार्थी महिला, पाड्यावरील संभाषण, नाव तिच्या इच्छेनुसार दिलेले नाही. आणि खाली, तिच्या वाक्याचा आधार घेऊन, माझी शिफारस: पुढच्या टप्प्यात डोंगरावरची वाहतूक श्रमदानात धरू नये, तिच्यासाठी मजुरी देऊन माणसं घ्यावीत, आणि ही जोखीम पहिल्याच दिवशी नोंदवावी.

या एका शिफारशीसाठी मी त्या जागेच्या मागे लागले होते. बाकी प्रकल्प व्यवस्थापनाचं मला फार प्रेम नव्हतं.

तर मार्गदर्शक म्हणाले, हा तुमचा नाही. आणि त्यांनी दुसरा अहवाल काढून शेजारी ठेवला. वर आमच्या सरांचं नाव. माझ्या आधीच्या तुकडीत जमा झालेला, तपासून झालेला, पास झालेला.

"प्रकरण तीन आणि चार तुम्ही यातून घेतलंय," मार्गदर्शक म्हणाले. "क्रम तोच, आकृत्या त्याच. फक्त शब्द वेगळे. हे परिच्छेद बदलून लिहिणं म्हणजे स्वतःचं लिहिणं नव्हे, मी वर्गात सांगितलंय."

मी म्हटलं, "सर, उलटं आहे. मूळ पूर्तता अहवाल माझा आहे. संस्थेच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर होता. त्यांनी घेतला."

"मूळ अहवाल दाखवा."

मूळ अहवालाची प्रत पैसे देणाऱ्या संस्थेकडे गेली होती, ती सरांच्या सहीशिवाय मागवता येत नव्हती, कॉम्प्युटरवरच्या फाइलवर लिहिणाऱ्याचं नाव नव्हतं, आणि ऑफिसची प्रत सरांच्या कपाटात होती. मी परत येऊन ती मागितली. सर चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले, "ताई, ती ऑडिटला गेली." मी म्हटलं, "सर, तुम्ही माझं लिहिलेलं घेतलंत." ते शांतपणे म्हणाले, "संस्थेचं लिहिलेलं, ताई. ते संस्थेच्या कामाबद्दल आहे. मी प्रकल्पाचा प्रमुख आहे. आणि मी एकही वाक्य तसंच ठेवलेलं नाही, बघा पाहिजे तर. सगळं माझ्या शब्दांत आहे."

माझ्या शब्दांत! मला त्या माणसाच्या शांतपणाचा जास्त राग आला. त्याच्या दृष्टीने शब्द बदलले की मालकी बदलली, जशी गाडीची नंबरप्लेट बदलली की गाडी आपली.

पुढच्या रविवारी मी मार्गदर्शकांना म्हटलं, मला दोन्ही अहवाल वाचायला द्या. त्यांनी दिले, पण केंद्रातच बसून वाचायचे या अटीवर. आणि अगदी मायेने म्हणाले, "कशाला वाढवताय? तुम्ही हुशार आहात. तीन आणि चार प्रकरणं पुन्हा थोड्या वेगळ्या शब्दांत लिहा. नाहीतर त्यांच्या अहवालाचा संदर्भ द्या जिथे जिथे जुळतंय तिथे. संदर्भ दिला की प्रश्नच मिटला. तुमचा डिप्लोमा अडत नाही."

म्हणजे मी माझ्या कामाखाली त्यांचं नाव लिहायचं. जे मी पाहिलं, मी मोजलं, मी पाड्यावर जाऊन विचारलं, त्याच्यापुढे कंसात त्यांचं आडनाव, साल आणि पान. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या माणसाने मला संदर्भ म्हणजे काय ते शिकवलं, तोच मला संदर्भाने चोरी कायदेशीर कशी करायची ते सांगत होता. मी म्हटलं, "नाही देणार." ते म्हणाले, "मग समितीपुढे जाईल. आणि निकाल तुमच्याविरुद्ध गेला तर वर्ष जाईल." ते वर्ष गेलं असतं तर दुसरा टप्पा माझ्याशिवाय सुरू झाला असता. हे त्यांना ठाऊक नव्हतं. मला होतं.

मी तिथल्या बाकावर बसून सरांचा अहवाल वाचला.

वाचता वाचता पहिल्यांदा हसू आलं, कारण सरांनी मन लावून मेहनत केली होती. प्रत्येक वाक्यातला जड दिसणारा शब्द शोधून त्याच्या जागी दुसरा बसवला होता. माझ्या अहवालातला 'क्रिटिकल पाथ' त्यांच्याकडे 'बिकट वाट' झाला होता, आणि त्यांना ती डोंगरातली पायवाटच वाटली असावी, कारण पुढे लिहिलं होतं की बिकट वाटेची दुरुस्ती केल्यास कालावधी कमी होईल. वेळापत्रकात कामाला जी सवड असते, जिला आम्ही फ्लोट म्हणतो, ती 'तरंगता काळ' झाली होती. मानकातल्या जोखमीच्या व्याख्येतली 'अनिश्चित घटना' बदलून 'अशाश्वत प्रसंग' केली होती, अवतरणचिन्हं काढून, कलमाचा क्रमांक काढून. मानकाने जिथे 'इष्ट' म्हटलं होतं तिथे यांनी 'बंधनकारक' लिहून टाकलं होतं. असल्या अहवालाला मार्गदर्शकांनी पास केलं होतं. म्हणजे कुणी तो वाचलाच नव्हता.

मग मी विलंबाच्या प्रकरणावर आले. माझं हसू तिथे संपलं.

सरांनी लिहिलं होतं: मुदत उलटून गेली होती, तरीही आम्ही पाइपवाहतूक सुरू ठेवली. परिणामी कोणतेही काम शिल्लक राहिले नाही.

मी ते पुन्हा वाचलं. मग माझ्या अहवालातलं तिचं वाक्य काढून शेजारी धरलं. दिवस गेलं व्हतं. मुदत उलटून गेली होती. तरी पाइप वाहिलं आमी. तरीही आम्ही पाइपवाहतूक सुरू ठेवली. मंग काय रायलं नाय. परिणामी कोणतेही काम शिल्लक राहिले नाही.

विलंबाचं प्रकरण होतं, तेव्हा दिवस म्हणजे वेळापत्रकाचेच, असं त्यांनी गृहीत धरलं. अवतरणचिन्हं काढली तेव्हा 'आमी' बाईचे राहिले नाहीत, ते सरांचे झाले. आणि खाली त्यांची शिफारस: स्थानिक महिलांच्या श्रमदानाच्या या यशस्वी अनुभवाची पुनरावृत्ती पुढील टप्प्यात करावी.

बाईचं मूल पडलं होतं, आणि ते त्यांच्या अहवालात वेळेत काम पूर्ण झाल्याचा पुरावा होऊन बसलं होतं. कुणी मला वाङ्मयचौर्य म्हणजे फक्त श्रेय चोरणं असं सांगितलं की मला हे दोन परिच्छेद आठवतात. माझं नुसतं श्रेय गेलं असतं तर मी ओरडले असते, भांडले असते, कदाचित थोड्या दिवसांनी विसरलेही असते.

मी मार्गदर्शकांना काही बोलले नाही. त्यांना आधी सांगितलं असतं तर त्यांनी सरांना फोन करून वाक्य दुरुस्त करून घेतलं असतं, इतका माझा त्यांच्यावर अविश्वास बसला होता. मी फक्त समिती मागितली.

समिती म्हणजे मार्गदर्शक आणि बाहेरून आलेल्या एक परीक्षक बाई. परीक्षक बाई ठाण्याहून यायच्या, वयस्क, कमी बोलणाऱ्या. सर इस्त्रीचा शर्ट घालून आले. मला वाटतं त्यांना खरंच वाटत होतं की आपण जिंकणार.

परीक्षक बाईंनी दोघांनाही आपापला अहवाल समजावून सांगायला लावला. सर बरे बोलले. बिकट वाट मात्र त्यांनी हाताने चढणीचा आकार काढून दाखवली, तेव्हा परीक्षक बाईंनी मार्गदर्शकांकडे पाहिलं आणि मार्गदर्शकांनी टेबलावरच्या पेनाकडे.

माझी पाळी आली. मी म्हटलं, "मॅडम, मला माझ्या बाजूने फार काही सांगायचं नाही. माझ्या अहवालात एका बाईचं बोलणं आहे. यांच्या अहवालात तेच आहे, पण बाई नाही. तुम्ही त्यांना त्याबद्दल विचारा."

त्यांनी दोन्ही पानं समोर घेतली. आधी सरांचं वाचलं, मग माझं. त्यांचं बोट माझ्या पानावर 'दिवस' या शब्दावर थांबलं आणि बराच वेळ तिथेच राहिलं. मार्गदर्शक वाकून बघायला लागले. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरताना मला दिसला, आणि मला त्यांचीही दया आली नाही.

"दिवस कुणाचे गेले होते?" परीक्षक बाईंनी सरांना विचारलं.

सर म्हणाले, "प्रकल्पाचे."

"आणि पाइप कुणी वाहिले?"

"आम्ही. म्हणजे टीमने."

"तुम्ही होतात?"

"मी देखरेख करत होतो."

"आणि राहिलं नाही ते काय?"

"काम, मॅडम. सगळं पूर्ण झालं. तसं लिहिलंय मी."

परीक्षक बाईंनी माझं पान त्यांच्याकडे सरकवलं. "हे वाचा. मोठ्याने."

सरांनी वाचलं. शहरी उच्चारात, अडखळत, रायलं नायपर्यंत. वाचून वर पाहिलं. त्यांना अजून कळलं नव्हतं. ते आमच्या तिघांच्या तोंडाकडे बघत राहिले, काय चुकलं असेल ते शोधत. घरी मुलंबाळं असलेला माणूस. त्यांच्या बायकोला दिवस गेले तेव्हा हाच शब्द त्यांच्याही घरात कुणीतरी वापरला असेल. पण पाड्यावरच्या बाईचं बोलणं यांच्यासाठी फक्त मजकूर होता, शब्द बदलायला घेतलेला, आणि मजकुराला दिवस जात नाहीत.

मग मार्गदर्शक हळूच म्हणाले, "सर, ती बाई गरोदर होती."

मला तेव्हा वाटलं होतं की मला बरं वाटेल. अजिबात वाटलं नाही. तिचं दुःख एका टेबलावर मांडून मी माझा डिप्लोमा वाचवत होते, असंही क्षणभर वाटून गेलं, आणि त्याचाही राग मला सरांचाच आला, कारण ही वेळ त्यांनी आणली होती. नाहीतर ते वाक्य शिफारशीच्या वर, आपल्या जागी, गुपचूप काम करत राहिलं असतं.

परीक्षक बाईंनी तिथेच लिहून दिलं. माझा अहवाल मंजूर. सरांचा निकाल रद्द, अहवाल नव्याने, स्वतःच्या कामावर, सगळ्या संदर्भांसह द्यावा. उठताना त्या मार्गदर्शकांना म्हणाल्या, "अहवाल पास करण्याआधी वाचत चला." एवढंच. आवाजही चढवला नाही. त्यांनी चढवायला हवा होता असं मला आजही वाटतं.

मी बाहेर पडवीत आले. एसटीला वेळ होता. सर मागून आले आणि माझ्या शेजारी उभे राहिले. चेहरा पडला होता. मला वाटलं आता हा माणूस काहीतरी बोलेल. त्या बाईबद्दल. निदान ती आता कशी आहे एवढं तरी विचारेल.

ते म्हणाले, "ताई, आधी सांगायचं ना तुम्ही. मी ते वाक्य वेगळ्या शब्दांत लिहिलं असतं."